साठ वह्या, एक शिक्षक: गर्दीच्या वर्गात निसटणारी मिनिटं कशी धरून ठेवायची

साठ वह्या नाव पुकारून वाटायच्या असतील तर एका वहीला किती वेळ लागतो? नाव वाचायचं, मूल उठणार, दोन बाकांमधून वाट काढत येणार, वही घेणार. तोवर आपण पुढचं नाव पुकारलेलं असलं तरी घाईत सहा सेकंद धरायला हरकत नाही. साठ गुणिले सहा म्हणजे ३६० सेकंद, पुरी सहा मिनिटं. या सहा मिनिटांत प्रत्येक मुलाच्या वाट्याला सहा सेकंदांचं काम येतं आणि बाकीचा वेळ ते रिकामं असतं. रिकामं मूल गप्प बसत नाही. म्हणजे वह्या संपल्यावर वर्ग शांत करायला आणखी दोन मिनिटं.

वीस मुलांच्या वर्गात हीच पद्धत दोन मिनिटांत आटोपते आणि तिच्यात काही वावगं वाटत नाही. मोठ्या वर्गाची मेख इथेच आहे. लहान वर्गात चालणाऱ्या सवयी साठांत तिप्पट महाग पडतात, आणि आपल्याला वाटतं की मुलं जास्त दंगेखोर आहेत. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. मी भराभर वाटायचे, मोठ्याने पुकारायचे, आणि मिनिटं तेवढीच जायची.

हिशेब मांडल्यावर लक्षात आलं की वेग वाढवून काही साधणार नाही. सहाचे पाच सेकंद केले तरी पाच मिनिटं जातातच. खरी अडचण अशी की सगळं काम एका दारातून चाललंय आणि ते दार म्हणजे आपण. वही आपल्या हातून, परवानगी आपल्या तोंडून, हजेरी आपल्या पेनातून. जे काम साठ वेळा एकामागून एक होतं ते एकाच वेळी दहा-पंधरा ठिकाणी होऊ द्यायचं, एवढंच या लेखाचं सूत्र आहे. अमेरिकी संशोधक जेकब कूनिन यांनी १९७०च्या सुमारास वर्गांच्या चित्रफिती पाहून नोंदवलेल्या दोषांत हाही एक होता: सगळ्यांना एकदम करता येईल ते एकेकाकडून करून घेणं.

आधी तीन दिवस घड्याळ लावा

काहीही बदलण्यापूर्वी तीन दिवस फक्त मोजा. टेबलावर एक कागद ठेवा. एक काम थांबवायला सांगितलं की वेळ टिपा, आणि पुढच्या कामाला साधारण पंचावन्न मुलं लागली की पुन्हा टिपा. साठच्या साठ लागेपर्यंत थांबू नका, कारण दोन-चार मुलं कुठल्याही वर्गात, कुठल्याही दिवशी मागे असतातच. त्यांच्यामुळे आकडा फुगतो आणि नेमकी गळती दिसत नाही.

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका दिवसाचा कागद असा होता. हजेरीला ५ मिनिटं. मधल्या सुट्टीनंतर बसून काम सुरू व्हायला ९. दोनदा वह्या वाटल्या त्याची १३, दोनदा गोळा केल्या त्याची ८. चार वेळा विषय बदलला त्याची १६. बेरीज ५१. आमचा तास ३५ मिनिटांचा होता, म्हणजे जवळजवळ दीड तासिका काहीही न शिकवता गेली होती. तो दिवस तसा बरा गेल्याचं मला आठवतं. कुणी पाहुणे आले नव्हते, कुणी पडलं-झडलं नव्हतं.

तुमच्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा कुठला ते पाहा आणि तिथूनच सुरुवात करा. बहुतेक वेळा तो वह्यांचा निघतो, म्हणून मी तेच उदाहरण नीट उलगडते.

वह्यांचा गठ्ठा: क्रमातच गोळा, क्रमातच वाटप

समजा खोलीत वीस बाक आहेत. फळ्याकडून मागे जाणाऱ्या चार ओळी, एका ओळीत पाच बाक, एका बाकावर तीन मुलं. ओळींना अ, ब, क, ड म्हणू. अ ओळ दारालगत, ड ओळ पलीकडच्या भिंतीला. एका ओळीत पंधरा मुलं. प्रत्येक ओळीची एक बाजू ‘कडेची’ ठरवून टाका. दोन्ही बाजूंना वाट असली तरी एकच ठरवा, नाहीतर मुलं गोंधळतात. आता बाकावर तीन जागा झाल्या: आतली, मधली आणि कडेची.

गोळा करण्याची पद्धत अशी. आतलं मूल आपली वही मधल्याला देतं. मधलं मूल त्यावर आपली ठेवतं आणि कडेच्याला देतं. कडेचं मूल सगळ्यात वर आपली ठेवतं. आता प्रत्येक बाकावर तीन वह्यांची चळत तयार आहे, आणि हे वीसही बाकांवर एकाच वेळी झालंय. मग शेवटच्या बाकावरचं कडेचं मूल आपली चळत पुढच्या बाकावरच्या कडेच्या मुलाला देतं. ते मूल मागून आलेली चळत खाली ठेवतं, आपल्या बाकाची वर ठेवतं आणि पुढे देतं. पहिल्या बाकापर्यंत पोचेतो पंधरा वह्यांचा गठ्ठा होतो. कुणीही जागेवरून उठलेलं नसतं.

‘आपली नेहमी वर’ हा एकच नियम मुलांच्या डोक्यात पक्का बसवायचा, बाकीचं आपोआप होतं. कारण असा गोळा झालेला गठ्ठा बसण्याच्या क्रमातच लागलेला असतो. सगळ्यात वर पहिल्या बाकाच्या तीन वह्या, तळाशी शेवटच्या बाकाच्या. वाटताना गठ्ठा पहिल्या बाकाला द्या. कडेचं मूल वरच्या तीन काढून घेतं आणि उरलेला गठ्ठा मागे देतं. मागचा बाकही तेच करतो. नाव पुकारायची गरजच उरत नाही. सराव झालेल्या वर्गात गोळा करायला मिनिटभर लागतं आणि वाटायलाही तेवढंच.

यात तीन ठिकाणी घोळ होतो आणि तिन्ही माझ्या वर्गात झालेत.

पहिला घोळ तपासताना होतो, आणि तो आपणच करतो. गठ्ठ्यातून वरची वही घेतली, तपासली, बाजूला ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली, की संपल्यावर सगळा क्रम उलटा झालेला असतो. उपाय सोपा आहे. तपासलेली वही पालथी ठेवायची. दुसरी तिच्यावर, तीही पालथी. पंधरा झाल्या की अख्खा गठ्ठा उचलून उलटा करायचा. पहिली वही पुन्हा वर येते आणि क्रम जसाच्या तसा राहतो. पटत नसेल तर पत्त्यांची चार पानं घेऊन करून पाहा. चार ओळींचे चार गठ्ठे मात्र वेगळेच ठेवायचे. मी ते आडवे-उभे एकावर एक ठेवते, म्हणजे घरी नेतानाही मिसळत नाहीत.

दुसरा घोळ गैरहजेरीचा. परवा वह्या गोळा केल्या तेव्हा ब ओळीच्या तिसऱ्या बाकावरचं एक मूल आलं नव्हतं. आज ते आलंय. कडेच्या मुलाने सवयीने तीन वह्या उचलल्या, त्यातली एक चौथ्या बाकाची. तिथून पुढे ओळीतल्या सगळ्यांच्या वह्या सरकल्या आणि मागून आवाज सुरू झाले: “बाई, ही माझी नाही!” म्हणून ‘तीन घ्या’ असं कधी शिकवू नका. ‘आपल्या बाकाच्या घ्या’ असं शिकवा, आणि ते ओळखता यावं यासाठी प्रत्येक वहीच्या कव्हरवर वरच्या कोपऱ्यात ठळक खूण करून घ्या: ओळीचं अक्षर आणि बाकाचा क्रमांक, उदाहरणार्थ ब-३. जागेचा क्रमांक घालू नका. त्याचं कारण पुढे येतंय. पहिलीच्या मुलांना अक्षर ओळखता येत नाही, तिथे ओळीला रंग आणि बाकाला चित्र द्या: निळा मासा, निळं पान. उलट बाजूने, आज जे मूल आलं नाही त्याची वही बाकावरच्या दोघांनी सांभाळायची नाही. ती हरवते. कडेच्या मुलाने ती गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायची. शेवटच्या बाकावर उरलेल्या वह्या म्हणजे आज न आलेल्यांच्या वह्या. त्या तशाच पुढे येऊन टेबलावरच्या खोक्यात जातात.

तिसरा घोळ पान शोधण्याचा. वह्या चटकन गोळा झाल्या तरी तपासताना प्रत्येक वहीत आजचं पान शोधायला पाच सेकंद लागले तर तीही पाच मिनिटं झाली, फक्त ती आपल्या घरच्या वेळेतून जातात. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला एक दोरा चिकटवून घ्या आणि ‘दोरा आजच्या पानात’ हे गोळा करण्याचं पहिलं पाऊल करा. दोरा धरून उघडलं की पान समोर.

बाक नसून मुलं खाली बसत असतील तरी हे सगळं तसंच चालतं. फक्त जमिनीवर ओळींच्या आणि जागांच्या खुणा रंगाने करून घ्याव्या लागतात. खडूची खूण दोन दिवसांत पुसली जाते आणि दुपारपर्यंत वर्गाचं कडबोळं होतं.

सूचना आधी, हालचाल नंतर

विषय बदलताना जाणारी मिनिटं बऱ्याचदा एका वाक्यामुळे जातात. “गणिताच्या वह्या काढा, पान बेचाळीस उघडा आणि पाचवं उदाहरण उतरवून घ्या.” यातलं ‘काढा’ ऐकताच साठ दप्तरं उघडतात. दप्तरांच्या आवाजात पुढचं काहीच ऐकू जात नाही. मग वीस मुलं विचारतात, “बाई, कितवं पान?” आपण वीस वेळा उत्तर देतो आणि वर म्हणतो, मुलं लक्षच देत नाहीत.

क्रम उलटा करायचा. हालचालीचा शब्द सगळ्यात शेवटी. “मी ‘चला’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. गणिताची वही. पान बेचाळीस. पाचवं उदाहरण.” तिन्ही गोष्टी बोलता बोलता फळ्यावर एकाखाली एक लिहायच्या. मग मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाला विचारायचं, काय काय करायचंय? पुढच्या बाकाला विचारून उपयोग नाही. मागे पोचलं असेल तर सगळ्यांना पोचलंय. त्याने बरोबर सांगितलं की “चला”. सूचना देण्यात पंधरा-वीस सेकंद जास्त गेल्यासारखे वाटतात, पण ‘कितवं पान’ विचारायला कुणी येत नाही. विचारलंच तर बोट फळ्याकडे, तोंडाने काही नाही. एका वेळी तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका. पहिली-दुसरीत दोनच.

त्याआधी वर्ग शांत व्हायला हवा, आणि साठ मुलांच्या आवाजावर आपला आवाज चढवून ते होत नाही. आपण मोठ्याने बोललो की मुलं आणखी मोठ्याने बोलतात. एकच खूण ठरवा: छोटी घंटा, टाळीचा ठेका किंवा वर केलेला हात. ती नेहमी एकाच जागेवर उभं राहून द्यायची. खुणेचा अर्थ कृतीत सांगायचा: हात रिकामे, तोंड बंद, डोळे इकडे. ‘हात रिकामे’ हे पहिलं असण्याला कारण आहे. हातात पेन्सिल असलेलं मूल आपल्याकडे बघतं, पण लिहीतच राहतं.

या खुणेचा घात होतो तो आपल्या अधीरपणामुळे. पन्नास मुलं शांत झाली की आपण बोलायला लागतो. उरलेली दहा त्यातून शिकतात की शांत व्हायची गरज नव्हती, आणि आठवड्याभरात ती दहाची वीस होतात. पहिले काही दिवस शेवटचं कुजबुजणारं मूल थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती वीस-पंचवीस सेकंदं फार लांब वाटतात. घड्याळाकडे बघत उभं राहायचं, रागाने नव्हे, नुसतंच. पंधरवड्यात ती सात-आठवर येतात.

आणखी एक गळती आहे जी आपल्याला दिसतच नाही, कारण ती आपल्याकडूनच होते. भाषेचा धडा सुरू केला, पहिला परिच्छेद वाचला, आणि आठवलं: “अरे, गणिताच्या वह्या द्यायच्या राहिल्या की! कुणाकुणाच्या राहिल्यात?” पुन्हा दप्तरं, पुन्हा आवाज, आणि धड्याचा धागा तुटला तो तुटलाच. कूनिन यांनी हेही टिपलं होतं: एक काम सुरू करून ते लोंबकळत ठेवायचं आणि मागच्याकडे वळायचं. राहिलेल्या वह्या तास संपताना घ्या. आठवण कागदावर लिहून ठेवा, तोंडातून काढू नका.

सगळ्यांचं संपेपर्यंत थांबायचं नाही

साठ मुलांपैकी पहिल्याचं काम आठ मिनिटांत होतं आणि शेवटच्याचं वीस मिनिटांत. ‘झालं की वही मिटून बसा’ म्हटलं की वर्गातली अर्धी मुलं अर्धा वेळ रिकामी. म्हणून काम संपल्यावर थांबायचं नाही, वेळ संपल्यावर थांबायचं. बारा मिनिटं ठरवा, दोन मिनिटं आधी बोटाने ‘दोन’ दाखवा. वेळ झाली की जिथवर झालंय तिथे एक आडवी रेघ मारून सगळ्यांनी थांबायचं. रेघेखाली राहिलेलं काम नंतरच्या मोकळ्या मिनिटांत होतं, आणि तपासताना कुणाला किती वेळ लागतो हेही रेघेवरून कळतं. लवकर उरकणाऱ्यांसाठी फळ्याच्या एका कोपऱ्यात आठवडाभर टिकणारं एकच काम लिहून ठेवा. रोज नवं शोधायला गेलात तर तुमचीच दमछाक होईल.

सुट्टीनंतर आत येणं

दार एकच असतं. एका मुलाला आत यायला दीड-दोन सेकंद लागतात, म्हणजे साठांना दीड ते दोन मिनिटं. हा वेळ कमी होत नाही. घाई केली तर दारात धक्काबुक्की होते आणि तो वाढतो. कमी करता येते ती त्यानंतरची सहा-सात मिनिटांची चुळबूळ.

ती होते बसण्याच्या क्रमामुळे. कडेचं मूल आधी येऊन बसलं की आतल्याला त्याच्यावरून चढून जावं लागतं. दाराजवळची ओळ आधी शिरली की भिंतीकडची ओळ तिच्यातून वाट काढते. म्हणून आत येताना ड ओळ पहिली, मग क, ब आणि शेवटी अ. प्रत्येक ओळीत शेवटचा बाक आधी, आणि बाकात आतलं मूल आधी. दार फळ्याच्या बाजूला असेल तर हा क्रम अचूक बसतो. मागे असेल तर पहिला बाक आधी. बाहेर जाताना याच्या बरोबर उलट: अ ओळ पहिली, पुढचा बाक आधी, कडेचं मूल आधी. जो शेवटी बाहेर तो पहिला आत, एवढं मुलांना सांगितलं की पुरतं.

घंटा झाल्यावर साठांची एक लांबलचक रांग करू नका, तिचं शेपूट नेहमी वळवळतं. पंधराच्या चार छोट्या रांगा करा, प्रत्येक मुलाने फक्त आपल्या पुढचं कोण ते लक्षात ठेवायचं. आणि फळ्यावर सुट्टीच्या आधीच काम लिहिलेलं असू द्या. चार बेरजा किंवा पाच शब्द, न समजावता करता येईल असंच. पहिलं मूल बसलं की त्याचं काम सुरू, शेवटच्याची वाट बघायची नाही. तुम्ही दारात उभ्या राहा, फळ्याजवळ नाही. दारातून दोन्हीकडे नजर जाते.

सकाळीही हेच. मुलं फळ्यावरचं काम करत असताना हजेरी घ्यायची, तीही नावं न पुकारता. बसण्याचा आराखडा समोर ठेवा आणि रिकाम्या जागा पाहा. साठात पाच-दहा जागा रिकाम्या असतात, तेवढ्याच शोधायच्या. ओळीतल्या मुलांना विचारून नोंद करू नका, मैत्रीखातर ‘आलाय, बाहेर गेलाय’ असं सांगितलं जातं. शेवटी बसलेली मुलं मोजून आकडा जुळवा. हजेरीपटावर चूक चालत नाही. पहिले काही आठवडे मुलं एकमेकांच्या जागी बसतात, तेवढे दिवस मात्र नावं पुकारलेली बरी.

परवानग्या आणि पेन्सिली

“बाई, पाणी पिऊ?” “बाई, बाहेर जाऊ?” “बाई, टोक करू?” साठ मुलांच्या वर्गात हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येतो आणि दर वेळी अख्खा वर्ग वाक्याच्या मधोमध थांबतो. दाराशी खिळ्याला दोन लाकडी ठोकळे दोऱ्याने टांगा, एक मुलींसाठी, एक मुलांसाठी. जागेवर असेल तर घ्यायचा आणि जायचं, नसेल तर थांबायचं. विचारायचं नाही. मी समजावून सांगत असताना शक्यतो घ्यायचा नाही, पण घाईची लागली असेल तर तेव्हाही घ्यायचा. लहान मुलांना थांबवून ठेवण्याइतकं महाग काहीच नाही, पुसायला फडकं शोधण्यात पाव तास जातो आणि त्या मुलाचा दिवस जातो तो वेगळाच. ठोकळे एखाद्या ठरावीक तासाला सतत बाहेर दिसू लागले तर मुलांना दोष देऊ नका. सुट्टी त्या तासाच्या आधी हवी किंवा धडा लांबलाय.

पेन्सिलींसाठी टेबलावर एक डबा. त्यात टोक केलेल्या दहा-बारा. मोडली की मोडकी टाकायची, टोकदार उचलायची. टोक करायचं काम त्या आठवड्याच्या दोन मुलांचं, शाळा भरण्याआधी.

हे शिकवायचं कसं

सांगून होत नाही. पहिल्यांदा मी सगळं एकाच दिवशी सांगितलं, फळ्यावर नियमही लिहिले. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त गोंधळ, कारण निम्मी मुलं जुन्या पद्धतीने चालली होती आणि निम्मी नव्या.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. वह्यांचंच उदाहरण. सोमवारी फक्त अ ओळीने करून दाखवायचं, बाकी पंचेचाळीस जणांनी बघायचं आणि चूक शोधायची. ‘वर ठेवायची होती, खाली ठेवली’ हे मुलं आनंदाने सांगतात. मंगळवारी चारही ओळी, सावकाश, प्रत्येक पावलाला थांबून. बुधवारी न थांबता. गुरुवारी आणि शुक्रवारी खऱ्या कामात. आठवण न करता सलग तीन दिवस नीट झालं की मगच पुढची गोष्ट. मध्येच बिघडलं तर उपदेश करायचा नाही. गठ्ठे परत मागे पाठवून पुन्हा गोळा करायला लावायचे. त्याला एक मिनिट लागतं, बोलण्याला पाच. मोठ्या सुट्टीनंतर पहिले दोन दिवस हीच उजळणी.

ओळींमध्ये शर्यत लावण्याचा मोह आवरा. मी लावली होती. दोन दिवस वेग वाढला, तिसऱ्या दिवशी वह्या फेकल्या जाऊ लागल्या, एकीचं कव्हर फाटलं, आणि सावकाश चालणाऱ्या एका मुलाला त्याची ओळ ‘तुझ्यामुळे हरलो’ म्हणू लागली. मोजायचंच असेल तर वर्गाची तुलना वर्गाच्या कालच्या वेळेशी करा.

दुसरी चूक कडेच्या मुलांची. कामं तीच करतात, आणि आपण नकळत तिथे हुशार मुलं बसवतो. वर्षभर तीच वाटतात, बाकीची नुसती घेतात. म्हणून दर सोमवारी बाकातल्या तिघांनी एक-एक जागा सरकायचं. आतलं मध्ये, मधलं कडेला, कडेचं आत. वहीवर जागेचा क्रमांक घालू नका म्हटलं ते यासाठीच. बाकाची खूण तीच राहते आणि गठ्ठा बिघडत नाही.

मागच्यांनाही पुढे येऊ द्यायचं असेल तर महिन्याने प्रत्येक ओळीतले गट एक बाक पुढे सरकवा, पहिल्या बाकावरचा गट शेवटी. त्या दिवशी तुमच्याकडे वह्या असतील तर प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या तीन काढून तळाशी घाला, क्रम पुन्हा जुळतो. ब-३ ही मग त्या गटाची खूण समजायची, बाक कुठलाही असो. ज्या मुलांना फळा नीट दिसत नाही किंवा ऐकू कमी येतं, त्यांना मात्र एकाच गटात पुढे बसवा आणि तो बाक या फिरण्यातून वगळा.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा माझ्या कागदावर हजेरी १, सुट्टीनंतर ३, वाटप दोनदा मिळून २, गोळा करणं दोनदा मिळून २ आणि विषय बदलणं चारदा मिळून ६ मिनिटं होती. ५१ची १४ झाली. विषय बदलण्याची ६ मिनिटं त्याखाली कधीच आली नाहीत, आणि मी नंतर प्रयत्नही सोडला. एका पाठोपाठ दोन विषयांच्या मध्ये मुलांना मिनिटभर आळस द्यायला, शेजाऱ्याशी चार शब्द बोलायला लागतं. ते काढून घेतलं तर मुलं ते पुढच्या धड्याच्या मध्ये घेतात.

एक शेवटचं काम राहतं. तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी दुसऱ्या कुणी वर्ग घेतला की वह्या पुन्हा नावं पुकारून वाटल्या जातात आणि गठ्ठे विस्कटतात. टेबलाच्या खणात बसण्याचा आराखडा आणि पाच ओळींची चिठ्ठी ठेवा: खूण कुठली, गठ्ठा कुठल्या बाकाला द्यायचा, आत येताना कुठली ओळ पहिली, ठोकळे कशासाठी, आणि अडलंच तर विचारा ब-३ला.